साडेपंचाहत्तर रुपयांची तीन रूपं

तासगाव परिसरात बहुतेक घरांत कुणाचा ना कुणाचा सहकारी संस्थेत शेअर असतो. कुणाचा साखर कारखान्यात, कुणाचा सोसायटीत, कुणाचा नागरी बँकेत किंवा पतसंस्थेत. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली की तिच्यात एक ओळ सगळे आधी शोधतात: यंदा लाभांश किती टक्के? बारा टक्के म्हटलं, की हजार रुपयांच्या शेअरवर एकशेवीस रुपये मिळणार, हा हिशेब तोंडपाठ असतो. इथे टक्के कशाचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर एकच आहे. शेअर हजाराचा घेतला, संस्था सोडताना साधारण हजारच परत मिळणार, म्हणून टक्केही हजाराचेच.

हीच सवय घेऊन माणूस शेअर बाजारात येतो आणि तिथे एक चकित करणारी गोष्ट घडते. एकाच लाभांशाचे तीन वेगवेगळे टक्के निघतात, आणि तिन्ही खरे असतात.

तासगावला लागून असलेल्या पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचं उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या या गावात किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. २०२३-२४ या वर्षासाठी तिने प्रत्येक शेअरमागे ६ रुपये लाभांश दिला. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये, म्हणून कागदोपत्री हा लाभांश झाला ३०० टक्के. सहकारी संस्थेचा बारा टक्के लाभांश पाहिलेल्या माणसाचे डोळे विस्फारतील असा हा आकडा आहे. पण मार्च २०२४ अखेरीस तो शेअर विकत घ्यायला हजार-अकराशे रुपये लागत होते. अकराशे रुपये घालून सहा रुपये मिळाले, म्हणजे अर्धा टक्का. आणि कंपनीने त्या वर्षी शेअरमागे साधारण ४४ रुपये कमावले होते. त्यातले सहा वाटले, म्हणजे कमाईचे सुमारे १४ टक्के.

तीनशे, अर्धा आणि चौदा. रुपये तेच सहा. भागाकार कशाने केला, एवढाच फरक.

यातला पहिला आकडा आपण बाजूला ठेवू. दर्शनी किंमत कंपनी स्थापन करताना किंवा शेअरचे तुकडे करताना ठरते. आजच्या बाजारभावाशी किंवा आजच्या नफ्याशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे तीनशे टक्के ऐकून गुंतवणूकदाराला काहीच कळत नाही. उरलेले दोन आकडे मात्र फार बोलके आहेत. बाजारभावाने भागून येतो तो डिव्हिडंड यील्ड: मी आज घातलेल्या पैशावर मला किती मिळालं. नफ्याने भागून येतो तो पेआउट रेशो: कंपनीने कमावलेल्यातलं किती वाटलं. पहिला गुंतवणूकदाराच्या खिशाकडून पाहतो, दुसरा कंपनीच्या तिजोरीकडून.

हे दोन आकडे एकत्र ठेवले की काय दिसतं, ते समजण्यासाठी अलीकडच्या काळातलं एक मोठं उदाहरण सविस्तर पाहू.

एका वर्षात चार वेळा

हिंदुस्तान झिंक ही उदयपूरची कंपनी. राजस्थानातल्या खाणींतून जस्त, शिसं आणि चांदी काढते. पूर्वी ती सरकारी होती. मार्च २०२३ मध्ये तिचे जवळजवळ ६५ टक्के शेअर मुंबईत नोंदणीकृत असलेल्या वेदांता लिमिटेडकडे होते. साडेएकोणतीस टक्क्यांच्या वर शेअर तेव्हाही भारत सरकारकडेच होते. उरलेला छोटा भाग सामान्य गुंतवणूकदारांचा.

२०२१-२२ साली या कंपनीने शेअरमागे १८ रुपये लाभांश दिला. त्या वर्षी शेअरमागे कमाई होती २२ रुपये ८० पैशांच्या आसपास. म्हणजे कमाईतले सुमारे ७९ टक्के वाटले. शेअरचा भाव तीनशेच्या थोडा वर, त्यामुळे यील्ड सहा टक्क्यांच्या जरा खाली. बँकेच्या ठेवीशी तुलना करावी असं, सभ्य उत्पन्न.

मग २०२२-२३ उजाडलं. जुलै २०२२ मध्ये २१ रुपयांचा अंतरिम लाभांश जाहीर झाला. नोव्हेंबरमध्ये साडेपंधरा रुपये. जानेवारी २०२३ मध्ये १३ रुपये. मार्चमध्ये २६ रुपये. एका आर्थिक वर्षात शेअरमागे ७५ रुपये ५० पैसे. सगळ्या शेअरचे मिळून जवळजवळ ३१ हजार ९०० कोटी रुपये भागधारकांकडे गेले.

मार्च २०२३ अखेरीस शेअरचा भाव २९० रुपयांच्या आसपास होता. त्या दिवशी शेअर बाजाराच्या कुठल्याही यादीत यील्डचा रकाना पाहिला असता, तर हिंदुस्तान झिंकपुढे सुमारे २६ टक्के असा आकडा दिसला असता. पोस्टात, बँकेत सात टक्क्यांसाठी धडपडणाऱ्या माणसाला एक मोठी, नफ्यातली, सरकारचा हिस्सा असलेली कंपनी २६ टक्के देते आहे! हे पैसे खरोखर लोकांच्या खात्यात जमा झाले होते. त्यात फसवणूक नव्हती, लपवाछपवी नव्हती. प्रत्येक लाभांशाची घोषणा जाहीरपणे झाली होती.

आता दुसरा भागाकार करू. त्या वर्षीचा नफा होता सुमारे १० हजार ५०० कोटी, म्हणजे शेअरमागे २४ रुपये ८८ पैसे. वाटले ७५ रुपये ५० पैसे. पेआउट रेशो: ३०३ टक्के. कंपनीने जेवढं कमावलं त्याच्या तिप्पट वाटलं.

एका गुणाकारात सगळं

इथे एक साधं नातं दिसतं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. शेअरमागची कमाई बाजारभावाने भागली, तर आपण घातलेल्या पैशावर कंपनी किती टक्के कमावते ते कळतं. हिंदुस्तान झिंकच्या बाबतीत २४.८८ भागिले २९०, म्हणजे सुमारे ८.६ टक्के. याला आपण कमाईचा दर म्हणू. आता पाहा:

यील्ड = पेआउट रेशो × कमाईचा दर

३.०३ गुणिले ८.६ टक्के, बरोबर २६ टक्के. हा योगायोग नाही. यील्डमध्ये लाभांश भागिले भाव आहे. पेआउटमध्ये लाभांश भागिले कमाई. कमाईच्या दरात कमाई भागिले भाव. गुणाकारात कमाई वर-खाली कटते आणि यील्ड उरतो. हे नातं प्रत्येक नफ्यातल्या कंपनीला, प्रत्येक वर्षी, नेमकं लागू पडतं.

या छोट्या गुणाकारात एक मर्यादा दडलेली आहे. पेआउट शंभर टक्के धरला, म्हणजे कंपनीने कमावलेला प्रत्येक रुपया वाटला, तरी यील्ड कमाईच्या दराएवढाच होईल. त्याहून जास्त यील्ड दिसला, तर वरचा भाग या वर्षाच्या कमाईतून आलेलाच नाही. हिंदुस्तान झिंकच्या २६ टक्क्यांपैकी ८.६ टक्के कमाईतले होते. उरलेले सतरा-साडेसतरा टक्के जुन्या साठ्यातले.

तो साठाही शेअरमागे मोजता येतो. मार्च २०२२ मध्ये कंपनीचं नक्त मूल्य, म्हणजे सगळी देणी वजा जाता भागधारकांचं उरणारं धन, सुमारे ३४ हजार ३०० कोटी होतं. शेअरमागे ८१ रुपये. वर्षभरात त्यात जवळजवळ २५ रुपयांची कमाई जमा झाली आणि साडेपंचाहत्तर रुपये बाहेर गेले. मार्च २०२३ मध्ये शेअरमागे उरले साधारण साडेतीस रुपये. ज्या कंपनीकडे कर्ज वजा जाता रोकड शिल्लक असायची, तिच्याकडे आता रोकड वजा जाता कर्ज शिल्लक होतं.

आता २६ टक्क्यांच्या आकड्याला एकच प्रश्न विचारू: पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल का? पुन्हा साडेपंचाहत्तर द्यायचे तर कमाईतून पंचवीस येतील आणि साठ्यातून पन्नास काढावे लागतील. पण पुस्तकात साठाच तीस रुपयांचा उरला आहे, आणि त्यातला बराचसा खाणी आणि यंत्रांत अडकलेला आहे. म्हणजे उत्तर ताळेबंदातच लिहिलेलं होतं. भविष्य सांगणाऱ्याची गरज नव्हती, भागाकार-वजाबाकी पुरेशी होती.

आणि तसंच घडलं. २०२३-२४ मध्ये जस्ताचे भाव उतरले, कर्जावरच्या व्याजाचा खर्च वाढला, नफा ७ हजार ७५९ कोटींवर आला. लाभांश मिळाला शेअरमागे १३ रुपये. ज्याने मार्च २०२३ मध्ये २६ टक्के पाहून २९० रुपयांना शेअर घेतला, त्याला पुढच्या वर्षी लाभांशातून मिळाले साडेचार टक्के.

तासगावच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला यामागचा न्याय समजावून सांगावा लागत नाही. वेलीवर किती घड ठेवायचे हे तो मोजून ठरवतो आणि जादा घड विरळून काढतो. कारण पानं जेवढं अन्न तयार करतात त्यापेक्षा जास्त माल वेलीवर ठेवला, तर वेल काडीत आणि मुळांत साठवलेलं अन्न ओढून तो पोसते. त्या हंगामात वजन जोरदार निघतं. पण पुढच्या छाटणीनंतर काडीतून घडच कमी निघतात. एका हंगामाचं उत्पादन पाहून बाग विकत घेणारा माणूस वेलीचा साठा पाहायला विसरला, तर त्याने मागच्या मालकाने काढून नेलेल्या मालाची किंमत मोजलेली असते.

एवढं का वाटलं?

नफ्याच्या तिप्पट लाभांश वाटण्यामागे एक सरळ कारण होतं. ३१ हजार ९०० कोटींपैकी ६५ टक्के, म्हणजे वीस हजार कोटींच्या वर, वेदांता लिमिटेडकडे गेले. आणि वेदांता लिमिटेडने स्वतःही त्याच वर्षी पाच अंतरिम लाभांश देऊन शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे वाटले. एकूण सुमारे ३७ हजार ७०० कोटी, जेव्हा तिच्या भागधारकांच्या वाट्याचा नफा साडेदहा हजार कोटींच्या आसपास होता. तोही पेआउट साडेतीनशे टक्क्यांच्या वर. वेदांता लिमिटेडचा मोठा हिस्सा लंडनच्या वेदांता रिसोर्सेसकडे होता आणि त्या काळात तिच्यापुढे मोठ्या कर्जफेडीच्या तारखा होत्या.

म्हणजे लाभांशाचा आकार खाणीत किती जस्त निघालं यावरून ठरला नव्हता. वरच्या कंपनीला किती रोकड हवी होती, त्याची छाप त्यावर होती. छोट्या भागधारकाला शेअरमागे तेवढेच रुपये मिळाले, सरकारलाही नऊ हजार कोटींच्या वर मिळाले, सगळं कायद्यात बसणारं होतं. पण ज्याने तो आकडा नियमित उत्पन्न समजून वाचला, त्याने दुसऱ्याच्या गरजेला आपलं पेन्शन समजलं.

इथे सहकारी संस्थेचा कायदा आणि कंपनीचा कायदा यांतला फरक डोळ्यांत भरतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार नफ्यातल्या संस्थेने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा असतो, आणि निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय १५ टक्क्यांहून जास्त लाभांश देता येत नाही. साठा उपसून वाटण्याचा मोह कायद्यानेच आवरलेला आहे. कंपनी कायदा २०१३ मात्र मागच्या वर्षांत न वाटता साठवलेल्या नफ्यातूनही लाभांश द्यायला परवानगी देतो. म्हणून नोंदलेल्या कंपनीचा पेआउट शंभरच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि तो तिथे गेला आहे का हे पाहण्याचं काम भागधारकावर येतं.

भाव पडला की यील्ड चढतो

आतापर्यंत आपण लाभांश फुगल्यामुळे चढलेला यील्ड पाहिला. दुसऱ्या एका प्रकारात कंपनी लाभांशाला हातही लावत नाही आणि तरी यील्ड वाढत जातो, कारण भागाकारातली खालची संख्या लहान होत जाते.

यील्डच्या रकान्यात साधारणपणे गेल्या बारा महिन्यांचा लाभांश वर असतो आणि आजचा भाव खाली. वरची संख्या कालची, खालची आजची. या दोन वेळांमधल्या अंतरामुळे काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण नवी मुंबईतल्या मॅजेस्को या सॉफ्टवेअर कंपनीने दिलं. २०२० मध्ये तिने आपला अमेरिकेतला मुख्य व्यवसाय विकला आणि डिसेंबरमध्ये आलेले पैसे भागधारकांना देण्यासाठी शेअरमागे ९७४ रुपयांचा लाभांश जाहीर केला. शेअरचा भाव तेव्हा ९८० रुपयांच्या आसपास होता. लाभांशाचा हक्क सुटला त्या दिवशी भाव कोसळून बारा-तेरा रुपयांवर आला. त्यात आश्चर्य काहीच नव्हतं, कारण कंपनीतलं जवळजवळ सगळं धन बाहेर गेलं होतं. पण मागचा लाभांश भागिले आजचा भाव हे गणित आंधळेपणाने केलं, तर यील्ड सात-आठ हजार टक्के निघतो. आणि त्या दिवशी शेअर घेणाऱ्याला त्या ९७४ रुपयांतला एक पैसाही मिळणार नव्हता.

रोजच्या जगात हे इतकं नाट्यमय नसतं. भाव हळूहळू उतरतो, कारण रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांपैकी अनेकांना पुढची कमाई घटणार असं वाटत असतं. लाभांश अजून जुना, भाव मात्र पुढचा अंदाज पोटात घेतलेला. अशा वेळी चढलेला यील्ड म्हणजे बाजाराचा अविश्वास टक्केवारीत मांडलेला असतो. व्होडाफोन हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तिची ब्रिटनमधली मूळ कंपनी वर्षानुवर्षं भरघोस लाभांशासाठी ओळखली जायची. २०१९ च्या वसंतात तिचा यील्ड नऊ टक्क्यांच्या आसपास गेला होता, कारण भाव बराच पडला होता. त्यात भारतातल्या दूरसंचार स्पर्धेतल्या नुकसानाचाही वाटा होता. मे २०१९ मध्ये कंपनीने वार्षिक लाभांश १५.०७ युरो सेंटवरून ९ सेंटवर आणला. भाव आणखी उतरत गेला, यील्ड पुन्हा चढला, आणि २०२४ मध्ये लाभांश पुन्हा निम्मा, साडेचार सेंटवर आणण्याचा निर्णय झाला. दोन्ही वेळा आधी यील्ड उंच गेला होता, कपात नंतर आली.

बाजार नेहमी बरोबर असतो असं नाही. कधी भीती अनाठायी असते, भाव उगाच पडतो, आणि त्या वेळी घेणाऱ्याला चांगला लाभांश वर्षानुवर्षं मिळत राहतो. या दोन शक्यता वेगळ्या करायला यील्ड एकटा असमर्थ आहे. त्यासाठी पुन्हा पेआउटकडेच जावं लागतं: लाभांश कमाईच्या आत किती आरामात बसतो, आणि कमाई तिसऱ्या हिश्श्याने घटली तरी बसेल का?

पेआउटही एकटा पुरत नाही

पेआउट शंभरच्या खाली असला की निश्चिंत व्हावं, असंही नाही. टाटा स्टीलचं २०२१-२२ हे वर्ष घ्या. करोनानंतर जगभर पोलादाचे भाव भडकले आणि कंपनीचा एकत्रित नफा सुमारे ४१ हजार ७०० कोटींवर गेला. लाभांश दिला शेअरमागे ५१ रुपये, एकूण सहा हजार कोटींच्या जरा वर. पेआउट फक्त १५ टक्के. कागदावर याहून सुरक्षित काय असू शकतं? पुढे एका शेअरचे दहा असे तुकडे झाले, त्यामुळे ५१ चे झाले ५ रुपये १० पैसे. पण पुढच्या वर्षी लाभांश आला ३ रुपये ६० पैसे. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीला एकत्रित हिशेबात ४ हजार ९०० कोटींच्या आसपास तोटा झाला आणि तरी ३ रुपये ६० पैसे दिले गेले.

पोलाद, जस्त, साखर, सिमेंट यांसारख्या धंद्यांत नफा शिखरावर असतो तेव्हा पेआउट सर्वांत लहान दिसतो, कारण खालची संख्या तात्पुरती फुगलेली असते. म्हणून अशा कंपनीचा पेआउट एका वर्षाच्या नफ्यावर मोजू नये. पाच-सात वर्षांचा सरासरी नफा खाली ठेवावा. तेजी आणि मंदी दोन्ही त्यात आल्या, की लाभांशाची खरी ताकद दिसते.

उलट, उंच पेआउट म्हणजे धोकाच असंही नाही. मुंबईच्या कोलगेट-पामोलिव्ह इंडियाने २०२२-२३ मध्ये सगळा नफा, किंबहुना त्याहून किंचित जास्त वाटला. कमाई शेअरमागे साधारण साडेअडतीस रुपये, लाभांश ३९ रुपये. टूथपेस्टचा धंदा वाढवायला नव्या खाणी खणाव्या लागत नाहीत, मोठं कर्ज लागत नाही, विक्रीचे पैसे लवकर हातात येतात. म्हणून शंभर टक्के वाटूनही कंपनी सुदृढ राहते. आणि तिचा यील्ड किती होता? अडीच टक्क्यांच्या आसपास, कारण तिच्या स्थिर कमाईसाठी लोक भरपूर भाव मोजायला तयार होते. हिंदुस्तान झिंकचा यील्ड तिच्या दहापट होता. पण दोघींनी वाटलेल्या रुपयांत कमाईतला रुपया कोणता आणि साठ्यातला कोणता, हे पाहिलं की ते दोन आकडे एका रांगेत ठेवण्याजोगे राहत नाहीत.

आणखी एक ठिकाण पाहायचं असतं, ते म्हणजे वार्षिक अहवालातलं रोकड प्रवाहाचं पत्रक. नफा हा हिशेबातला आकडा असतो, लाभांश मात्र रोकडीत द्यावा लागतो. त्या पत्रकात धंद्यातून आलेली रोकड असते, यंत्रं आणि इमारतींवर घातलेली रोकड असते आणि शेवटच्या भागात दिलेला लाभांश असतो. पहिल्यातून दुसरी वजा करून जे उरतं त्यात तिसरा बसत नसेल, तर फरक कुठून भरला हेही तिथेच दिसतं. एक तर नवीन कर्ज घेतलेलं असतं, नाही तर जुन्या ठेवी मोडलेल्या असतात. सलग दोन-तीन वर्षं असं दिसलं, तर यील्ड कितीही मोहक असला तरी त्यामागचा झरा आटतो आहे.

साठ्यातून आलेल्या लाभांशाची आणखी एक बाजू गुंतवणूकदाराला थेट भिडते. कंपनीच्या तिजोरीतले पन्नास रुपये शेअरच्या भावात आधीच धरलेले असतात. ते बाहेर आले की भाव त्या मानाने उतरतो. म्हणजे भागधारकाला त्याचेच पैसे दुसऱ्या खिशात मिळतात. आणि एप्रिल २०२० पासून लाभांशावर प्रत्येकाला आपापल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार आयकर भरावा लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने साडेपंचाहत्तरातले बावीस रुपयांहून जास्त करापोटी दिले, तेव्हा त्यातला मोठा भाग आपल्याच साठ्यावरचा होता.

पुढे काय झालं

हिंदुस्तान झिंकची कथा २०२४ मध्ये संपली नाही, आणि तिचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय हे स्पष्टीकरण अपुरं राहील. मे २०२४ मध्ये चांदी आणि जस्त चढले तेव्हा तिचा शेअर ८०० रुपयांच्या आसपास पोहोचला. २९० ला घेतलेल्यांची रक्कम दुपटीहून जास्त झाली. म्हणजे उंच यील्डने भाव पडण्याची भविष्यवाणी केली होती, असं म्हणणं चूक ठरेल. खाणी तिथेच होत्या, जमिनीखालचा धातू तिथेच होता, आणि कमाई करण्याची ताकद लाभांशाबरोबर बाहेर गेलेली नव्हती.

२६ टक्क्यांनी जी गोष्ट खरोखर सांगितली होती ती याहून मर्यादित आणि याहून पक्की होती: हा लाभांश असाच चालू राहू शकत नाही. ती खरी ठरली. २०२४-२५ मध्ये कंपनीने शेअरमागे २९ रुपये दिले. कमाई साडेचोवीस रुपयांच्या आसपास होती, म्हणजे पेआउट पुन्हा शंभराच्या वर, पण साडेपंचाहत्तर पुन्हा आले नाहीत.

लाभांशावर घरखर्च चालवू पाहणाऱ्याला हा फरक जपला पाहिजे. शेअर चांगला असू शकतो आणि तरी त्याचा यील्ड खोटी आशा देणारा असू शकतो. म्हणून दहा, बारा, पंधरा टक्के असा आकडा समोर आला की आधी शेअरमागची कमाई शोधावी आणि भावाने भागावी. येणारा कमाईचा दर यील्डपेक्षा मोठा असेल, तर लाभांश कमाईच्या आत आहे आणि पुढचा प्रश्न कमाई टिकेल का हा आहे. तो यील्डपेक्षा लहान असेल, तर त्या टक्केवारीतला वरचा भाग साठ्याचा आहे. मग साठा किती उरला ते ताळेबंदात पाहावं, यील्डच्या जागी कमाईचा दर लिहावा, आणि घरखर्चाचा हिशेब त्याच आकड्यावर करावा.